आर्ग्यू कुठे, मेंटेन कुठे: एकाला कारण लागतं, दुसऱ्याला विरोध

मतप्रदर्शनाचा इंग्रजी निबंध तपासायला घेतला की पहिल्या पानावरच कळतं, लिहिणाऱ्याला कुणीतरी एक यादी पाठ करायला दिली आहे. ‘थिंक’ सारखं सारखं वापरू नका, त्याऐवजी आर्ग्यू, कंटेंड, मेंटेन, सजेस्ट वापरा, अशी ती यादी. मग पहिल्या परिच्छेदात आर्ग्यू, दुसऱ्यात कंटेंड, तिसऱ्यात मेंटेन, जणू प्रत्येकाची पाळी ठरलेली आहे. बेळगावात गेली कित्येक वर्षं मी पदवीच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी निबंध शिकवते आणि ही यादी मला दर वर्षी नव्याने पुसावी लागते. शब्द चुकीचे नाहीत. चूक आहे ती सगळ्यांना एकाच अर्थाचे मानण्यात.

‘थिंक’बद्दल फार सांगायला नको. मला असं वाटतं, एवढंच म्हणायचं असेल तर ‘आय थिंक’ लिहावं, त्यात काही कमीपणा नाही. ‘सजेस्ट’ या चौघांत सगळ्यात हलकं: पुरावा एका दिशेला बोट दाखवतोय, पण अजून पक्कं नाही, असं सांगणारं. ‘कंटेंड’ म्हणजे समोर प्रतिपक्ष उभा असताना केलेलं प्रतिपादन, त्यामुळे त्याला कोर्टाचा वास येतो. या दोघांत मुलं फारशी अडकत नाहीत. सगळे अडकतात ते आर्ग्यू आणि मेंटेन यांच्यात, कारण दोन्ही जोरदार वाटतात आणि कुठला जास्त जोरदार, एवढाच प्रश्न लोक विचारतात.

तो प्रश्नच चुकीचा आहे. दोघांचा जोर वेगवेगळ्या ठिकाणाहून येतो. आर्ग्यूचा जोर मागून येतो, म्हणजे विधानाच्या पाठीशी असलेल्या कारणातून. मेंटेनचा जोर समोरून येतो, म्हणजे ज्या विरोधाला तोंड देत ते विधान टिकून आहे त्या विरोधातून. आर्ग्यू लिहिलंत की वाचक पुढच्या ओळीत ‘कारण’ शोधतो. मेंटेन लिहिलंत की वाचक मागच्या ओळीत ‘हे कुणी नाकारलं होतं?’ ते शोधतो. जे शोधायचं ते सापडलं नाही, तर शब्द कितीही भारदस्त असला तरी वाक्य पोकळ राहतं.

आर्ग्यूबाबत आपला घोटाळा मराठीमुळे होतो. शब्दकोशात पहिला अर्थ मिळतो ‘वाद घालणे’, आणि वाद घालणं म्हणजे आपल्याकडे भांडणच. त्यामुळे मुलांना वाटतं, आवाज चढवून बोलायचं तिथे आर्ग्यू. इथे आपल्या भागातल्या मुलांना एक सोय आहे, ती मी नेहमी वापरते. कन्नडमध्ये ‘वाद मंडिसु’ म्हणतात, वकील कोर्टात आपली बाजू मांडतो ते. कानावर रोज कन्नड पडणाऱ्या मुलाला मी सांगते, आर्ग्यू म्हणजे मराठीतलं ‘वाद घालणं’ नव्हे, कन्नडमधलं ‘वाद मंडिसु’. मराठीत हवं असेल तर ‘युक्तिवाद करणे’. लॅटिनमधल्या ज्या क्रियापदापासून हा शब्द आला त्याचाही अर्थ स्पष्ट करून दाखवणे असाच आहे.

मेंटेनला तर मराठीत गाडी मेंटेन करणं, वजन मेंटेन करणं एवढंच ठाऊक. पण मूळ एकच आहे: हातात धरून ठेवणं. मत हातात धरून ठेवलंय, कुणी ओढलं तरी सोडलेलं नाही. आपली वर्तमानपत्रं लिहितात तसं ‘भूमिकेवर ठाम’. म्हणून मेंटेनबरोबर काळ फार शोभून दिसतो: अमुक वर्षापासून, आजतागायत, अजूनही. जे मत आज सकाळी पहिल्यांदा मांडलं ते कुणी मेंटेन करू शकत नाही.

मागच्या वर्षी खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने सीमाप्रश्नावर निबंध लिहून आणला. विषय आमच्या घरोघरचा, माहिती चोख. मी तिच्या चार वाक्यांखाली पेन्सिलने रेघ मारली तर ती म्हणाली, “मॅडम, सगळ्यांचा अर्थ एकच आहे की ओ!” म्हणून ती चारही वाक्यं आम्ही फळ्यावर घेतली.

पहिलं वाक्य असं: ही गावं मराठी बहुसंख्येची आहेत आणि महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहेत, म्हणून ती महाराष्ट्रात यायला हवीत, असं महाराष्ट्र ‘मेंटेन’ करतो. मी तिला विचारलं, या वाक्यात तू काय दिलं आहेस? तिने मोजलं: भाषिक बहुसंख्या हे एक कारण, भौगोलिक सलगता हे दुसरं. मग दोन दोन कारणं देऊन ठेवल्यावर क्रियापद ‘ठाम आहे’ कशाला? ठाम आहे म्हटलं की वाचकाच्या मनात हट्ट उभा राहतो आणि दिलेली कारणं झाकली जातात. इथे आर्ग्यू हवं होतं. व्याकरण चुकलं नव्हतं, पण तिने स्वतःच जमवलेला ऐवज स्वतःच हलका करून टाकला होता.

दुसरं वाक्य: महाजन आयोगाचा अहवाल अंतिम आहे, असं कर्नाटक ‘आर्ग्यू’ करतं. आणि पूर्णविराम. कारण कुठेच नाही. न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा आयोग 1966 मध्ये नेमला गेला, 1967 मध्ये त्याने अहवाल दिला, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यातच राहावं असं म्हटलं. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. म्हणजे विरोध आहे, तोही जुना, आणि त्या विरोधापुढे कर्नाटकाची भूमिका तेव्हापासून तीच आहे. मेंटेनला लागतं ते सगळं इथे आयतं हजर होतं. वाक्य असं व्हायला हवं: 1967 पासून कर्नाटक ‘मेंटेन’ करत आलं आहे की अहवाल अंतिम आहे.

पण मग मी तिला त्याच वाक्यात एक तुकडा जोडायला सांगितला: आयोग महाराष्ट्राच्याच आग्रहावरून नेमला गेला होता, म्हणून त्याचा निकाल महाराष्ट्राने मानला पाहिजे. कर्नाटक ही बाजू मांडत आलं आहे. ती तुम्हाला पटते की नाही हा वेगळा भाग, पण हे कारण आहे. ते आलं की लगेच आर्ग्यू योग्य ठरतं. बाजू तीच, मत तेच, माणसं तीच, तरी क्रियापद बदललं. मुलीच्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे. क्रियापद मताच्या ताकदीवरून ठरत नाही, त्या वाक्यात मताबरोबर काय ठेवलंय त्यावरून ठरतं.

तिसरं वाक्य जनगणनेचं होतं. जनगणना ‘आर्ग्यू’ करते की इथल्या लोकांना महाराष्ट्रात जायचं आहे, असं तिने लिहिलं होतं. जनगणना बाजू मांडत नाही. एखाद्या गावात अमुक भाषेचे लोक जास्त आहेत, हे ती मोजून दाखवते, तिथे ‘शो’ लिहावं. पण त्या लोकांना कुठल्या राज्यात राहायचंय हा प्रश्न जनगणनेने विचारलेलाच नसतो. मातृभाषेवरून इच्छेचा अंदाज करता येतो, खात्री देता येत नाही. तिथे सजेस्ट, आणि सजेस्टच. त्याहून एक पायरी वर गेलात तर पुराव्यापेक्षा जास्त बोललात.

चौथं वाक्य कोर्टाचं. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संविधानाच्या कलम 3 प्रमाणे संसदेचा आहे, असं कर्नाटकाचं तिथलं म्हणणं. तिने इथे ‘थिंक’ ठेवलं होतं, बहुधा यादीतले शब्द संपले म्हणून. कंटेंड जिथे अगदी नेमकं बसतं अशी संपूर्ण निबंधातली ही एकच जागा होती.

पेपर लिहिताना घाई असते, म्हणून मी मुलांना दोन मराठी शब्दांची कसोटी देते. विधानानंतर मनात ‘कारण’ म्हणून पाहा. पुढे काही सुचलं आणि ते तुम्ही लिहिणार असाल तर आर्ग्यू. विधानाआधी मनात ‘तरीही’ म्हणून पाहा. ते बसलं, म्हणजे आधी कुणी नाकारलेलं आहे, तर मेंटेन. दोन्ही बसत नसतील तर तुमच्याजवळ नुसतं मत आहे, तिथे ‘थिंक’ किंवा साधं ‘से’ लिहा. दोन्ही बसले तर मात्र कसोटी निर्णय देत नाही. मग तुम्हाला वाचकाचं लक्ष कुठे न्यायचंय ते ठरवावं लागतं, कारणाकडे की चिवटपणाकडे.

याच कारणाने निबंधाच्या पहिल्याच ओळीत ‘आय मेंटेन’ दिसलं की मी ते खोडते. अजून कुणी विरोध केलेला नाही, मग ठाम कुणापुढे? ते शेवटच्या परिच्छेदात यावं, दुसऱ्या बाजूचे आक्षेप प्रामाणिकपणे मांडून झाल्यावर. तिथे ते कमावलेलं असतं. ‘आय स्ट्राँगली आर्ग्यू’ हेही मला सहन होत नाही. युक्तिवादाला बळ कारणं देतात, ‘स्ट्राँगली’ देत नाही. ज्या निबंधात हा शब्द येतो त्यात पुढे कारण बहुतेक वेळा गायब असतं.

आणखी एक खोड याहून गंभीर आहे. आपल्या बाजूला आर्ग्यू द्यायचं आणि समोरच्याला ‘क्लेम’ किंवा मेंटेन. क्लेममध्ये ‘हा म्हणतो खरं, पण’ असा संशय असतो, आणि दुसऱ्याबद्दल वापरलेल्या मेंटेनमध्ये ‘सांगूनही ऐकत नाही’ असा सूर येऊ शकतो. माझ्या वर्गात एकाच बाकावर मराठी घरातली आणि कन्नड घरातली मुलं बसतात, दोघंही हे करतात, उलट्या दिशांनी, आणि दोघांनाही आपण काही केलंय याची कल्पना नसते. मी त्यांना एकमेकांचे निबंध वाचायला देते. एकाने “मग आम्ही नुसतं क्लेम करतो काय?” असं विचारलं की दुसरा आपणहून पेन काढतो. दोन्ही बाजूंनी कारणं दिली असतील तर दोन्हीकडे आर्ग्यू. शब्द परत आला तर येऊ दे. क्रियापद बदलायचं म्हणून बदललं आणि न्याय बदलला, तर तो निबंध मला नको.

त्या विद्यार्थिनीने दुसऱ्या आठवड्यात निबंध परत आणला. तिचं दुसरं वाक्य आता लांब झालं होतं आणि त्यात दोन्ही क्रियापदं होती. अहवाल अंतिम आहे असं कर्नाटक 1967 पासून ‘मेंटेन’ करत आलं आहे, ‘आर्ग्युइंग’ की आयोग महाराष्ट्राच्या आग्रहावरूनच नेमला होता. आधी ठामपणा, लगेच त्याचं कारण, मध्ये एक स्वल्पविराम. समासात तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘तरीही, कारण’.