बर्न रेट आणि रनवे: बारा महिने म्हणता म्हणता सातच कसे उरतात

नव्या कंपन्यांचे हिशेब बघायला लागल्यापासून एक वाक्य मी बऱ्याच संस्थापकांच्या तोंडून ऐकलं आहे: "आपला बर्न बारा महिन्यांचा आहे." त्यांना काय म्हणायचंय ते समजतं, पण शब्द चुकलेला असतो. बर्न महिन्यांत मोजत नाहीत, रुपयांत मोजतात. दर महिन्याला तुमच्या खात्यातून जितके पैसे कमी होतात, तो बर्न रेट. आणि आज हातात असलेल्या पैशांवर अजून किती महिने निघतील, तो रनवे. एक वेग आहे, दुसरी मुदत. घरच्या टाकीचंच बघा ना. नळाला पाणी येणार नाही अशा दिवशी रोज किती बादल्या लागतात हा एक प्रश्न, आणि टाकी कुठवर पुरेल हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कालच्या वापरावरून देता येतं. दुसऱ्यासाठी उद्या पाहुणे येणार आहेत का, हेही विचारावं लागतं.

नुसती व्याख्या सांगून हा फरक मुरत नाही, म्हणून एक हिशेब पूर्ण करून दाखवते. कंपनी पुण्याची, चौदा माणसांची, छोट्या रुग्णालयांना बिलिंगचं सॉफ्टवेअर विकणारी. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत, पण त्यांची घडण तीच ठेवली आहे.

1 एप्रिलला बँकेत 2 कोटी 25 लाख होते, 1 जुलैला 1 कोटी 80 लाख. तीन महिन्यांत 45 लाख गेले, म्हणजे महिन्याला 15 लाख. हा झाला निव्वळ बर्न. पगार, भाडं, सर्व्हर, प्रवास असं सगळं धरून कंपनी महिन्याला 22 लाख खर्च करत होती. तो एकूण बर्न. ग्राहकांकडून सरासरी 7 लाख येत होते, ते वजा जाता 15. रनवे काढायला सूत्र सोपं आहे: हातातली रोख भागिले निव्वळ बर्न. 1 कोटी 80 लाखांना 15 लाखांनी भागलं की बारा येतात. संस्थापकाने गुंतवणूकदाराला पाठवलेल्या पत्रात हाच आकडा होता.

इथे एक गोष्ट वाटेत सांगून टाकते. वहीतला तोटा म्हणजे बर्न नव्हे. या कंपनीने एका रुग्णालयाला 10 लाखांचं बिल उधारीवर लावलं, तर वहीत त्या महिन्याचा तोटा 10 लाखांनी कमी दिसतो. खात्यात मात्र एक रुपयाही आलेला नसतो. उलट त्या बिलावरचा 1 लाख 80 हजारांचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. म्हणजे वहीत स्थिती सुधारली आणि बँकेत बिघडली. म्हणूनच बर्न बघताना मी नफा-तोट्याचं पत्रक बाजूला ठेवते आणि बँकेचं स्टेटमेंट उघडते.

आता त्या बारा महिन्यांकडे येऊ. भागाकार बरोबरच होता. चुकले होते ते भागाकाराला घेतलेले दोन्ही आकडे.

आधी वरचा आकडा, म्हणजे रोख. 1 कोटी 80 लाखांपैकी 18 लाख मुदत ठेवीत होते आणि त्या ठेवीवर बँकेचा बोजा होता. एका सरकारी रुग्णालयाच्या निविदेसाठी बँक गॅरंटी दिली होती, आणि ती सुटेपर्यंत ठेव मोडता येणार नव्हती. आणखी सुमारे 6 लाख हे पगारातून कापलेला टीडीएस, पीएफ आणि ग्राहकांकडून गोळा केलेला जीएसटी होता. हे अनुक्रमे 7, 15 आणि 20 तारखेला भरायचे. पैसे खात्यात असले तरी ते सरकारचे आणि कर्मचाऱ्यांचे. कंपनी अडचणीत आली की सर्वात आधी हात याच पैशांना लागतो, आणि मग व्याज व दंड वेगळा बसतो. हे दोन्ही काढल्यावर खर्च करता येईल अशी रोख 1 कोटी 56 लाख उरली.

खात्यात दिसणारा पैसा आणि वापरता येणारा पैसा यांतलं अंतर कधीकधी भयंकर असू शकतं. 10 मार्च 2023 ला अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बंद पडली, तेव्हा ठेवीवरच्या विम्याची मर्यादा अडीच लाख डॉलर होती आणि अनेक स्टार्टअपचे कैक पट जास्त पैसे तिथे पडून होते. सोमवारी, 13 तारखेला, सरकारने सगळ्या ठेवी खुल्या केल्या. पण मधल्या शनिवार-रविवारी, कागदावर दोन वर्षांचा रनवे असलेल्या कंपन्यासुद्धा पुढचा पगार कसा करायचा या विवंचनेत होत्या.

आता खालचा आकडा, निव्वळ बर्न. मे महिन्यात एका रुग्णालयाने पूर्ण वर्षाचं शुल्क, 6 लाख रुपये, एकदम भरलं होतं. तीन महिन्यांच्या सरासरीत ते महिन्याला 2 लाखांची आवक म्हणून मिसळलं. पण ते रुग्णालय आता पुढच्या मे पर्यंत काही देणार नाही. ती रक्कम बाजूला काढली की नेहमीची आवक 7 नव्हे, 5 लाख, आणि बर्न 15 नव्हे, 17 लाख. खरं तर याच ठिकाणी बर्न आणि रनवे यांची सर्वाधिक गल्लत होते. एकरकमी पैसे आले की रनवे खरोखरच वाढतो, कारण टाकीत पाणी पडलं. पण वापर कमी झालेला नसतो. ती रक्कम सरासरीत धरली तर एकच पैसा दोनदा दिलासा देतो: एकदा शिल्लक वाढवून आणि एकदा बर्न कमी दाखवून.

पुरवठादारांची बिलं थकवली तरी असंच होतं. त्या महिन्याचा बर्न देखणा दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे: बर्न उतरला, पण त्याच वेळी देण्यांची यादी तेवढ्याच रकमेने लांबली, तर काटकसर झालेली नाही, खर्च फक्त पुढे गेला आहे.

1 कोटी 56 लाख भागिले 17 लाख, म्हणजे साधारण नऊ महिने. बारावरून नऊवर आलो, आणि अजून पुढच्या खर्चाचं नावही काढलेलं नाही. ऑगस्टपासून दोन नवे इंजिनिअर घ्यायचं ठरलं होतं, दोघांचे मिळून महिन्याला अडीच लाख. म्हणजे बर्न साडेएकोणीसवर. ऑक्टोबरात दिवाळीचा बोनस, 5 लाख. हे भागाकारात बसत नाही, महिना महिना मांडूनच बघावं लागतं. आम्ही संध्याकाळी संस्थापकाच्या ऑफिसात बसून मांडलं. जुलै संपताना 139 लाख. ऑगस्टअखेर एकशे साडेएकोणीस. सप्टेंबरअखेर बरोबर 100. बोनस देऊन ऑक्टोबरअखेर साडेपंच्याहत्तर, नोव्हेंबरला 56, डिसेंबरला साडेछत्तीस, जानेवारी संपताना 17. फेब्रुवारीला लागणार साडेएकोणीस.

"मॅडम, म्हणजे फेब्रुवारीचा पगारच होणार नाही?" त्याने विचारलं. त्याच्या पत्रात पुढच्या जूनअखेरपर्यंतची मुदत होती.

त्यातली बोचणारी बाब अशी की जानेवारीअखेरपर्यंतचे ते सात महिनेसुद्धा पूर्ण वापरायला मिळत नाहीत. नवी गुंतवणूक आणायची तर बोलणी, मग अटींचं पत्र, मग कागदपत्रांची छाननी, मग करार. यात पाच-सहा महिने सहज जातात. पैसे कंपनीच्या खात्यात पडले तरी काम संपत नाही. खासगी कंपनी शेअर देऊन पैसे घेते तेव्हा ते वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात, आणि शेअरचं वाटप होऊन त्या वाटपाची माहिती देणारा फॉर्म पीएएस-3 दाखल होईपर्यंत त्यांना हात लावता येत नाही. मूल्यांकनाचा अहवाल अडकला किंवा एखाद्या ठरावात चूक राहिली, की करोडो रुपये समोर दिसत असतानाही पगार थांबू शकतो. म्हणून फेब्रुवारीची तूट भरून काढायची तर बोलणी ऑगस्टमध्येच सुरू व्हायला हवी होती. बारा महिन्यांच्या भरवशावर बसलेला माणूस ती जानेवारीत सुरू करतो. तेव्हा समोरच्याला ही घाई कळते आणि अटी त्याच्या मनासारख्या होतात.

त्या संध्याकाळी आम्ही दोन गोष्टी केल्या. दोन इंजिनिअरपैकी एकाला पत्र गेलेलं होतं, दुसऱ्याला गेलेलं नव्हतं. दुसरं थांबवलं, महिन्याला सव्वा लाख वाचले. आणि रुग्णालयांकडे जुनी थकबाकी होती, तिच्या मागे लागायचं ठरलं. सप्टेंबरात त्यातले 9 लाख आले. पुन्हा मांडल्यावर जानेवारीअखेर 17 च्या जागी साडेतेहेतीस लाख दिसू लागले. फेब्रुवारीचा पगार निघत होता, त्यानंतर सव्वापंधरा लाख उरत होते, आणि तूट मार्चमध्ये 3 लाखांवर येऊन थांबत होती.

बर्न आणि रनवे यांतला फरक या दोन उपायांमध्ये मला सगळ्यात स्वच्छ दिसतो. वसुलीने बर्न एक रुपयानेही कमी केला नाही, तिने फक्त टाकीत भर घातली. न दिलेल्या पत्राने टाकीत काही घातलं नाही, त्याने वापर कमी केला. ऑगस्ट ते फेब्रुवारी या सात महिन्यांत दोघांचा फायदा जवळजवळ सारखा: इकडे 9 लाख, तिकडे पावणेनऊ. पण मार्चमध्ये वसुलीकडे द्यायला काही उरलेलं नव्हतं, आणि वाचवलेले सव्वा लाख मात्र त्याही महिन्यात वाचत होते. खर्च आधीच कमी करण्याला एवढं महत्त्व का, तेही इथेच कळतं. त्याच इंजिनिअरला रुजू करून डिसेंबरात काढलं असतं, तर नोटिशीच्या काळाचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे द्यावे लागले असते, आणि कपातीच्या पहिल्या महिन्यात बर्न उतरण्याऐवजी चढला असता.

आता तो दर महिन्याच्या 5 तारखेला हा तक्ता नव्याने भरतो. वरच्या ओळीत गेल्या महिन्याचा एकूण आणि निव्वळ बर्न असतो, रुपयांत. रनवेच्या चौकटीत महिन्यांचा आकडा लिहायचं त्याने सोडलं आहे. तिथे तो ज्या दिवशी पगार कमी पडेल ती तारीख लिहितो. ऑगस्टच्या 5 तारखेला त्या चौकटीत 28 फेब्रुवारीच्या जागी 31 मार्च आलं, आणि त्याच आठवड्यात त्याने पहिल्या गुंतवणूकदाराला फोन केला.