‘अंतराळ मोहिमांचा सामान्य माणसाला काय उपयोग?’ : एका भाषणाची पार्श्वभूमी

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं आणि तो दिवस ‘राष्ट्रीय अंतराळ दिन’ ठरला. त्या दिवशी मुख्याध्यापक मुलांसमोर उभे राहून सांगतात, की या मोहिमा फक्त शास्त्रज्ञांसाठी नसतात, तुमच्याआमच्यासाठीही असतात. उदाहरण म्हणून बऱ्याचदा टेफ्लॉनचा तवा आणि वेल्क्रोची पट्टी पुढे येते. ही दोन्ही उदाहरणं चुकीची आहेत. टेफ्लॉन १९३८ मध्ये एका अमेरिकी रसायन कंपनीत योगायोगाने सापडलं. वेल्क्रो एका स्विस इंजिनिअरचं, तेही अंतराळयुगाच्या आधीचं. अंतराळवीरांनी दोन्ही वापरलं, एवढंच.

अमेरिकेत हा युक्तिवाद नंतर जोडला गेला: चंद्रावर तर गेलो, आता त्यातून घरासाठी काय मिळालं ते दाखवा. आपल्याकडे क्रम उलटा होता. १९६३ मध्ये केरळात थुंबा इथून पहिलं रॉकेट उडालं, तेव्हापासूनच गरीब देशाला हे परवडतं का, असं विचारलं जात होतं. विक्रम साराभाईंचं १९६८ मधलं उत्तर प्रसिद्ध आहे. चंद्रावर जाण्यात किंवा माणूस अवकाशात पाठवण्यात श्रीमंत देशांशी बरोबरी करण्याचं स्वप्न आम्ही पाहत नाही, पण माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्या प्रश्नांसाठी प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात आम्ही कुणाच्या मागे राहता कामा नये, असा त्याचा आशय. चंद्रावर उतरल्याच्या दिवशी भाषणात नेमका हाच विचार सांगितला जातो, ही गंमतच म्हणायची.

साराभाईंनी हे नुसतं बोलून सोडलं नाही. १९६९ मध्ये भारताच्या अणुऊर्जा विभागाने ‘नासा’शी करार केला: अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घ्यायचा आणि खेड्यांत थेट टीव्ही दाखवायचा. प्रयोगाचं नाव ‘साइट’. तो पाहायला साराभाई राहिले नाहीत, १९७१ च्या अखेरीस ते गेले. १ ऑगस्ट १९७५ ला प्रसारण सुरू झालं. राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं निवडली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता.

खरी कल्पकता जमिनीवरच्या सामानात होती. ‘एटीएस-६’ या उसन्या उपग्रहावर छत्रीसारखी उलगडणारी सुमारे नऊ मीटर व्यासाची अँटेना होती. तिच्यामुळे सिग्नल इतका जोरकस यायचा, की गावात साधी, तीनेक मीटरची तबकडी पुरे. ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची केलेली असे. टीव्ही संच बहुधा शाळेत किंवा पंचायतीच्या इमारतीत ठेवलेला, आणि त्याच्या देखभालीची जबाबदारी गावातल्याच कुणावर तरी, अनेक ठिकाणी मास्तरांवर. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालत. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी: शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, थोडी करमणूक. सुट्टीत याच जाळ्यावरून प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षणही दिलं गेलं.

अडचणीही उघड होत्या. चित्र एकच आणि भाषा चार: हिंदी, ओडिया, तेलुगू, कन्नड. त्यामुळे संध्याकाळचा वेळ भाषांमध्ये वाटला जाई आणि आपल्या भाषेचा कार्यक्रम संपला की लोक उठत. पहिल्या दिवसांतली गर्दीही नवलाई ओसरल्यावर विरळ झाली. संशोधकांनी गावोगाव जाऊन परिणाम मोजले, तेव्हा ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना, विशेषतः बायकांना, आरोग्याची माहिती चांगली मिळाल्याचं दिसलं. मात्र टीव्ही आल्याने शाळेतली पटसंख्या वाढली नाही की गळती थांबली नाही. मूल गुरं राखायला जात असेल, तर ते टीव्ही पाहायला तरी कुठून येणार? मुख्याध्यापकांच्या भाषणात हा निष्कर्ष सहसा नसतो. माझ्या मते तोच सगळ्यात आधी सांगायला हवा, कारण उपग्रह कुठवर पोचतो आणि कुठे थांबतो हे त्यातून कळतं.

३१ जुलै १९७६ ला वर्ष संपलं, उपग्रह अमेरिकेकडे परत गेला आणि गावांतले पडदे काळे झाले. तोवर मागणी मात्र पक्की झाली होती: आता स्वतःचा उपग्रह हवा. १९८२ मध्ये सोडलेला ‘इन्सॅट-१ए’ काही महिन्यांतच बंद पडला. १९८३ मध्ये अमेरिकी स्पेस शटलमधून गेलेल्या ‘इन्सॅट-१बी’ने काम धरलं. टेलिफोन, टीव्ही आणि हवामानाचा कॅमेरा, तिन्ही एकाच उपग्रहावर बसवलेले. वादळाची ढगांची चकती काही दिवस आधी दिसू लागली ती त्या कॅमेऱ्यामुळे, आणि १९७७ च्या आंध्रातल्या चक्रीवादळात हजारो माणसं गेल्यानंतर त्याची गरज कुणाला समजावून सांगावी लागली नव्हती.