मराठी १ आणि इंग्रजी 9: हस्तलिखित नोंदींतून तारीख व फोन क्रमांक काढताना

नागपुरातील एखाद्या वाचनालयाच्या सभासद नोंदवहीचे पान उघडले, तर त्यावर अंकांच्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. दिनांकाचा रकाना बहुधा लिपिकाने मराठी अंकांत भरलेला असतो, मोबाईल क्रमांक सभासदाने स्वतःच्या हाताने इंग्रजी अंकांत लिहिलेला असतो, आणि मधूनच एखाद्या ज्येष्ठ सभासदाने फोनही मराठी अंकांत लिहिलेला आढळतो. अशा पानांच्या छायाचित्रांतून तारखा व फोन क्रमांक संगणकाकडून काढून घेताना होणाऱ्या चुका केवळ अक्षर वाईट असल्यामुळे होत नाहीत. आकृती स्पष्ट असते, तिचे मूल्य मात्र ती कोणत्या पद्धतीत लिहिली आहे यावर ठरते.

दहा अंकांपैकी सगळेच त्रास देत नाहीत. ०, २ आणि ३ यांचे रूप दोन्ही पद्धतींत इतके जवळचे आहे की पद्धत चुकीची धरली तरी मूल्य बदलत नाही; त्यामुळे ते निरुपद्रवी आहेत, पण पुरावा म्हणून निरुपयोगीही आहेत. याउलट मराठी ६, ८, ९ किंवा इंग्रजी 1, 5, 7 दिसला की पद्धत बहुतेक वेळा तिथेच उघड होते. खरा घोळ तीन जोड्यांत आहे: मराठी १ आणि इंग्रजी 9, मराठी ४ आणि इंग्रजी 8, मराठी ५ आणि वरून उघडा काढलेला इंग्रजी 4. नीट लिहिलेल्या १ चे वेटोळे लहान व शेपटी लांब असते, तर 9 चे वेटोळे मोठे व दांडा सरळ असतो. ४ वरून उघडा असतो, 8 बंद असतो. इंग्रजी 4 ची आडवी रेघ दांड्याला छेदून उजवीकडे जाते, ५ ची वाटी दांड्यापाशीच थांबते. भरभर लिहिणाऱ्या हातात हे भेद पुसट होतात, म्हणून एकट्या आकृतीवर निर्णय सोपवणे मला धोक्याचे वाटते. निर्णय संपूर्ण संख्येकडे पाहून घ्यावा लागतो, आणि इथेच तारीख व फोन क्रमांक यांच्या वाटा वेगळ्या होतात.

तारखेला कडक नियम आहेत: दिवस ३१ च्या पुढे जात नाही आणि महिना १२ च्या पुढे जात नाही. त्यामुळे मराठीत लिहिलेली ११ तारीख इंग्रजी समजून वाचली तर 99 मिळते आणि चूक आपोआप पकडली जाते. १४ चे 98 होते, तेही बाद होते. परंतु १ चे 9, ४ चे 8, ५ चे 4, २१ चे 29, २४ चे 28 आणि २५ चे 24 होणे नियमांच्या चाळणीतून सहज निसटते. महिन्यांतही तेच घडते, म्हणजे जानेवारीचा सप्टेंबर, एप्रिलचा ऑगस्ट आणि मेचा एप्रिल होतो. काढलेल्या तारखा महिन्यांनुसार मोजल्यावर जानेवारी जवळजवळ रिकामा आणि सप्टेंबर फुगलेला दिसला, तर मराठी अंक इंग्रजी समजून वाचले गेल्याची दाट शंका घ्यावी.

फोन क्रमांकाचे नियम त्या मानाने सैल आहेत. भारतातील मोबाईल क्रमांक दहा अंकी असतो आणि तो ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. याशिवाय क्रमांकात पडताळणीचा अंक नसतो, म्हणून मधला एखादा अंक बदलला तरी नियमाने काहीच कळत नाही. मात्र तो लांब असतो. दहा मूल्यांपैकी चार मूल्यांची रूपे पद्धत उघड करतात असे ढोबळ मानले आणि अंक यादृच्छिक धरले, तर पहिला अंक सोडून उरलेल्या नऊ अंकांत असा एकही अंक नसण्याची शक्यता ०.६ चा नववा घात, म्हणजे सुमारे शंभरात एक इतकीच राहते. शिवाय पहिल्या जागी १ किंवा 9 सारखी आकृती असेल तर प्रश्नच मिटतो, कारण १ ने मोबाईल क्रमांक सुरू होत नाही. ती आकृती 9 आहे, म्हणून पुढच्या तशा सर्व आकृत्याही 9 धराव्यात. नागपूरचा दूरध्वनी असेल तर सुरुवातीला लिहिलेला 0712 हा संकेतांक तेच काम करतो, कारण त्यातला 7 दोन्ही पद्धतींत अगदी वेगळा दिसतो.

आता एक कल्पित ओळ घेऊ. दिनांकाच्या रकान्यात ‘१/१/२०२२’ किंवा ‘9/9/2022’ असे दोन्ही वाचता येईल असे लिहिले आहे. दोन्ही तारखा वैध आहेत, आणि वर्षात फक्त २ व ० असल्यामुळे तेही साक्ष देत नाही. (छापील नमुन्यात ‘20’ आधीच छापलेले असते, ते तर लिहिणाऱ्याच्या हाताबद्दल काहीच सांगत नाही.) त्याच ओळीतील फोन निःसंशय इंग्रजी अंकांत आहे. म्हणून तारीखही इंग्रजीच, असा निष्कर्ष सोपा वाटतो, पण तो चुकीचा ठरू शकतो, कारण फोन सभासदाने लिहिला आहे आणि तारीख लिपिकाने. साक्षीसाठी आडव्या ओळीकडे न जाता त्याच रकान्यात वर आणि खाली पाहावे. वरची तारीख ‘२८/१२/२०२१’ आहे व तिच्यातला ८ स्पष्ट मराठी आहे; खालच्या ओळीत दिवस १४ किंवा 98 आणि महिना १ किंवा 9 असा वाचता येतो, म्हणजे दिवस १४ च असला पाहिजे, ती ओळही मराठीतच आहे आणि तिचा महिना जानेवारी आहे. नोंदी क्रमाने भरल्या जातात, तेव्हा २८ डिसेंबर आणि १४ जानेवारी यांच्यामध्ये ९ सप्टेंबर बसत नाही. तारीख १ जानेवारी २०२२ आहे.

हे करता यावे यासाठी वाचणाऱ्या प्रणालीने अंक ओळखताक्षणी इंग्रजीत बदलून टाकू नयेत. मूळ आकृतीचे दोन्ही संभाव्य वाचन, रकाना आणि ओळ जपून ठेवावी, आणि पद्धत ठरल्यावरच शेवटी रूपांतर करावे. पायथनमध्ये ते असे होते:

```python
t = str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789")
s = s.translate(t)
```

संख्या शोधणारा नमुना लिहिताना पायथनच्या मजकुरात `\d` दोन्ही पद्धतींचे अंक पकडतो, पण जावास्क्रिप्टमध्ये तोच फक्त इंग्रजी अंक पकडतो. म्हणून दोन्हीकडे `[0-9०-९]` असे स्पष्ट लिहिलेले बरे.

एका संख्येत एकच पद्धत असते, हे गृहीतक बहुतेक वेळा टिकते, पण नेहमी नाही. ‘१५/7/२०२२’ अशी सरमिसळ एकाच हाताने लिहिलेली सापडते, आणि अशा संख्येत 7 इंग्रजी दिसला म्हणून आधीच्या १५ ला 94 ठरवणे अनर्थकारक होईल. म्हणून तारखेत दिवस, महिना आणि वर्ष हे तीन तुकडे वेगळे तपासावेत. नोंदवहीच्या पहिल्याच ओळीत, जिथे वर शेजारी नाही आणि खालची ओळही संदिग्ध आहे, तिथे दोन्ही तारखा नोंदवून ती ओळ माणसाच्या नजरेसाठी बाजूला ठेवावी. फोनच्या बाबतीत मात्र दोन्ही वाचने दहा अंकी आणि वैध निघाली, तर एकही क्रमांक यादीत निश्चित म्हणून घालू नये. चुकीचा क्रमांक दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी वाजतो.