लग्नसराईचे मेंदी पॅकेज (कोकण किनारपट्टी)

लग्नघरी येऊन नवरीला आणि पाहुण्यांना मेंदी काढून देण्यासाठी मेंदीवाली आणि घरमालक यांच्यात आधी ठरणारा करार. त्यात नवरीचे हातपाय, पाहुण्यांचे हात किंवा तास, येण्याजाण्याचा खर्च आणि विसार या चार गोष्टी ठरतात. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत तुळशीच्या लग्नानंतर लग्ने सुरू होतात आणि चाकरमानी गावी येतात त्या मे महिन्यात सर्वांत जास्त होतात. पूर्वी कुंपणाच्या मेंदीचा पाला काथ घालून पाट्यावर वाटत, तळहातावर एक चकती काढत आणि बोटांची टोके माखत. हे काम घरातल्या बायकाच करत, त्यामुळे त्याला वेळापत्रक लागत नसे. कोन आला, नक्षी कोपरापर्यंत चढली आणि वेळेचा हिशेब सुरू झाला.

हा हिशेब मुहूर्तापासून मागे मोजतात, कारण मेंदीचा रंग काढल्याबरोबर येत नाही. पाल्यातले लॉसोन हे रंगद्रव्य ओल्या लेपातून कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिनला जाऊन चिकटते आणि पुढे हवेतल्या ऑक्सिजनने गडद होत जाते. लेप सहा ते आठ तास राहावा लागतो. खरवडल्यावर हात नारिंगी दिसतो आणि लालसर तपकिरी रंग चढायला त्यानंतर साधारण २४ ते ४८ तास लागतात. म्हणून नवरीची मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी काढतात. आदल्या रात्री काढली तर मंडपात हात गाजरासारखे दिसतात आणि दोष मेंदीवालीच्या माथी येतो. तळहातावर कातडी जाड असल्याने तिथे रंग सर्वांत गडद येतो. मनगटाच्या वर तो फिका राहतो, मग कोन कितीही चांगला असो.

खरवडताक्षणी काळाभोर रंग दिसला तर तो मेंदीचा नव्हे. अशा ‘काळ्या मेंदी’त बहुधा केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन असते आणि त्याने काही जणींच्या हातावर फोड येतात. ज्यांना कलपाची किंवा काळ्या मेंदीची बाधा पूर्वी झाली आहे त्यांनी तसे बुकिंगच्या वेळीच सांगायला हवे. घरी भिजवलेला, रसायन नसलेला कोन उन्हाळ्यात बाहेर फार टिकत नाही. तो फ्रीजरमध्ये ठेवावा लागतो आणि लांबच्या गावी बर्फाच्या डब्यातून न्यावा लागतो. ‘दोन दिवस आधीच कोन पाठवून द्या’ असे म्हणणाऱ्या घरांना हे पटवावे लागते.

मे महिन्यातली दमट हवा ही कोकणातली खास अडचण आहे. लेप सुकून पडू नये म्हणून त्यावर लिंबू-साखरेचे पाणी लावण्याची पद्धत आहे. पण किनाऱ्यावर साखर हवेतले पाणी ओढून घेते, पाक ओघळतो आणि बारीक रेषा एकमेकींत मिसळतात. म्हणून इथल्या जाणत्या मेंदीवाल्या साखर अगदी कमी घेतात, पाणी एकदाच टिपून लावतात आणि नवरीला ओटीवर नव्हे तर पंख्याखालच्या खोलीत बसवायला सांगतात. वळवाच्या पावसात वीज जाते, तेव्हा घामाने लेप सुटू लागतो. एखादीच्या अटींत ‘इन्व्हर्टरची सोय घरमालकाची’ असे असते ते यासाठीच.

एका लग्नाचे वेळापत्रक उदाहरणादाखल पाहू. मुहूर्त रविवारी दुपारी सव्वाबाराचा आणि हळद शनिवारी संध्याकाळी आहे. नवरीची मेंदी शुक्रवारी सकाळी नऊला सुरू होते. दोन्ही हात, दोन्ही बाजूंनी कोपरापर्यंत काढायला जेवणाची सुट्टी धरून साडेपाच तास जातात, पायांना आणखी दोन. हात अडीचला संपले आणि लेप रात्री अकराला कोरडाच खरवडला, तर शेवटच्या रेषेलाही साडेआठ तास मिळतात. तिथून मुहूर्तापर्यंत सदतीस तास उरतात. रात्री हाताला पाणी लावायचे नाही. शनिवारी सकाळी कासार चुडा भरायला येतो आणि घट्ट बांगडी चढवण्यासाठी साबणाचे पाणी वापरतो, तिथे पुष्कळांचा घोळ होतो. त्याला खोबरेल तेल वापरायला सांगावे. हळदीपूर्वीही हाताला तेलाचा हात फिरवतात, म्हणजे हळद नक्षीत बसत नाही. चुडा मेंदीच्या आधी भरला तर मनगटाची नक्षी काढताच येत नाही, म्हणून कासाराची वेळ मेंदीवालीला विचारूनच ठरवलेली बरी.

पाहुण्यांचे पॅकेज दोन प्रकारे ठरते, हातावर किंवा तासावर. हातावरच्या दरात एक बाजू, साधी वेल, मनगटापर्यंत असे ठरलेले असते. वर दिलेल्या घरी चाळीस बायका धरल्या तर ऐंशी हात झाले. एका हाताला आठ मिनिटे म्हणजे ६४० मिनिटे. तिघी जणी बसल्या तर साडेतीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, चहापाणी धरून चार. म्हणून वेळ शुक्रवारी संध्याकाळी पाच ते नऊ. आता मुंबईची गाडी उशिरा आली आणि साडेआठला आणखी पंधरा जणी उतरल्या, तर तीस हात वाढले आणि तिघींनाही ऐंशी मिनिटे जास्त लागली. ‘माझ्या पोरीचा एकच हात काढ गो’ म्हणणारी मावशी या हिशेबात धरलेलीच नसते. अशा वेळी तासाचा दर बरा पडतो, कारण नऊनंतर वाढीव तास सुरू होतो हे सर्वांना आधीच ठाऊक असते. मात्र कमी पाहुणे आणि भरगच्च नक्षी हवी असेल तर हाताचा दर घरमालकाला सोयीचा.

परतीची वाट हाही वेळेचाच भाग आहे. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशी फेरीबोट ओलांडून जायचे असेल तर शेवटची फेरी चुकल्यावर खाडीला मोठा वळसा पडतो. म्हणून खाडीपलीकडच्या लग्नाला एक तर काम बोटीच्या वेळेआधी संपवायचे किंवा मुक्कामाची सोय लग्नघराने करायची, असे आधीच बोलून घेतात.

एक मेंदीवाली दिवसाला एकच नवरी घेऊ शकते आणि मुहूर्त मोजके, त्यामुळे मेच्या तारखा दोन-तीन महिने आधी धरल्या जातात. तारीख धरली जाते ती विसार मिळाल्यावर. फोनवरच्या ‘पक्की समजा’ला धंद्यात किंमत नाही. विसार बहुधा ठरलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत असतो. पाहुण्यांचा आकडा आठवडाभर आधी कळवायचा, कारण मदतनीस मुली त्यावर ठरतात. उरलेले पैसे काम संपताच द्यायचे, ‘रंग चढल्यावर बघू’ असे नाही. रंग खरवडल्यानंतरच्या पाणी-साबणावरही अवलंबून असतो आणि ते मेंदीवालीच्या हातात नसते.

वाद होतो तो तारीख बदलण्यावरून. घरात सुतक आले तर लग्न पुढे जाते, त्यात कोणाचाच दोष नाही. नवी तारीख मोकळी असेल तर विसार तिकडे वळवावा आणि नसेल तर कोनाचा झालेला खर्च वजा करून परत द्यावा, हे न्यायाचे आहे. लग्नच मोडले किंवा ऐनवेळी दुसरी स्वस्त मिळाली तर विसार बुडतो. आणि मेंदीवालीच आजारी पडली तर? बऱ्याच चिठ्ठ्यांत ही ओळ नसते. तिने आपल्याच तोडीची बदली मेंदीवाली द्यावी किंवा पूर्ण विसार परत करावा, हे घरमालकाने पैसे देण्याआधी लिहून घ्यावे.