कॉरिडॉरमधला धूर आणि जमिनीलगतची हवा

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफडेतल्या एका नाइटक्लबला आग लागली आणि २५ जणांचा जीव गेला. त्यातले बहुतेक गुदमरून गेले. तळघरात अडकलेले स्वयंपाकघरातले कामगार त्यांत होते. ज्वाळा जिथे पोचत नाहीत तिथे धूर पोचतो, आणि तोही खूप आधी.

आजच्या खोलीत जळण्यासारखं काय असतं ते बघा. फोमची गादी, सोफा, नायलॉनचे पडदे, प्लायवूड, वायरींवरचं प्लास्टिक. बंद खोलीत ऑक्सिजन कमी पडू लागला की हे सगळं अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. हवेत त्याचं प्रमाण जेमतेम सव्वा टक्का झालं तरी दोन-तीन श्वासांत शुद्ध हरपते. फोम आणि नायलॉनमधून हायड्रोजन सायनाइडही निघतो. त्याच्यामुळे रक्तातून आलेला ऑक्सिजन पेशींना वापरता येत नाही. डोकं गरगरतं, हातपाय जड होतात, साधी कडी काढायचीही सुधरत नाही. झोपलेल्या माणसाला तर वासाने जाग येईलच असं नाही, म्हणून धूर ओळखून वाजणारा अलार्म लागतो.

जुन्या कौलारू घरात चुलीचा धूर उंच छपराकडे जाऊन कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. सपाट स्लॅबखाली त्याला वाटच नसते. समजा, कळंगुटमधल्या एका हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर खोलीतल्या एसीने पेट घेतला आणि घाबरून पळालेल्या पाहुण्याने दार उघडंच टाकलं. बाहेरचा कॉरिडॉर २० मीटर लांब आहे. गरम धूर आधी छताला लागतो आणि साधारण सेकंदाला एक मीटर वेगाने छताखालून पसरतो. वीसेक सेकंदांत तो शेवटच्या भिंतीला आपटतो, तिथे खाली वळतो, आणि मग टाकी भरावी तसा, पण वरून खाली, कॉरिडॉर भरत जातो. तेच दार ओढून घेतलं असतं तर हा वेग खूप मंदावला असता. खोलीतून निघताना दार लावून घ्या असं अग्निशामक दलाचे लोक सांगतात ते यासाठी.

आता तुम्ही त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या खोलीत आहात. दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराला आणि कडीजवळ लावून बघा. गरम लागलं तर दार उघडू नका. गार असेल तर किंचित फट करून पाहा. उभ्याच्या डोळ्यांपुढे काळोख आणि गुडघ्याच्या उंचीला लादी दिसतेय, असं असेल आणि जिना जवळ असेल, तरच निघा. खोलीची चावी बरोबर घ्या, कारण परत फिरावं लागू शकतं.

हात-गुडघ्यांवर रांगा. डोकं जमिनीपासून एक ते दोन फुटांवर ठेवा. हवा तिथे त्यातल्या त्यात थंड आणि स्वच्छ असते. एक हात सतत एकाच भिंतीला लावून ठेवा, भिंत सोडून मधून जाऊ नका. धुरात दिशा हरवायला एक चुकीचं वळण पुरतं. खोलीत शिरलात त्याच दिवशी जिन्यापर्यंतची दारं मोजून ठेवली असतील, तर आता ती हाताने मोजता येतात. दर चार मीटरला दार असेल तर पाचव्या दारानंतर जिना. रांगत ही वीस मीटरं कापायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, म्हणून सामान गोळा करण्यात वेळ घालवायचा नाही. ओला रुमाल नाकावर धरला तर काजळी आणि थोडी झोंबणारी वाफ अडते, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ आत येतो. रुमाल हाताशी असेल तर घ्या, शोधत बसू नका.

रांगण्यालाही मर्यादा आहे. आगीपासून लांब गेलेला धूर थंड होतो आणि जमिनीपर्यंत उतरतो. लादीही दिसेनाशी झाली किंवा जिन्यातूनच धूर वर येत असला, तर मागे फिरा. लिफ्ट नको. गच्चीकडेही धावू नका. जिना धुरासाठी चिमणीसारखा असतो आणि वरचं दार कुलूपबंद असू शकतं. खोलीत या, दार लावा, खालच्या फटीत ओले टॉवेल कोंबा, एसी बंद करा, १०१ किंवा ११२ वर फोन करून मजला आणि खोली क्रमांक सांगा, आणि खिडकीतून कापड हलवत राहा. बाहेरून धूर आत येत असेल तर खिडकी लगेच लावून घ्या.

सुखरूप बाहेर आलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटत असेल तर त्याला घरी सोडू नका. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९८ दाखवेल, कारण त्या साध्या यंत्राला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. हॉस्पिटलात मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेच काम साधारण तास-दीड तासात होतं.