प्रतापगडाच्या प्रश्नात शब्द कसे निवडावेत
इतिहासाच्या सराव प्रश्नपत्रिका घेणाऱ्या शाळांसाठी माहितीपत्रक

आमच्या प्रश्नपेढीतले प्रश्न तुम्ही जसेच्या तसे वापरता, तसे त्यात स्वतःच्या प्रश्नांची भरही घालता. धार्मिक संघर्षाच्या प्रकरणांवर प्रश्न काढताना नेमके काय तपासायचे, हे इथे एकाच घटनेवरून दाखवले आहे. ही घटना म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडाच्या पायथ्याची शिवाजी महाराज आणि अफजलखान यांची भेट.

पुढचा प्रश्न पाहा.

"दगाबाज अफजलखानाने महाराजांवर वार केल्यावर आपल्या सैन्याने मुसलमान सैन्याचा पराभव कसा केला?"

या एका ओळीत चार दोष आहेत.

पहिला दोष 'मुसलमान सैन्य' या शब्दांचा. तो तथ्यालाच धरून नाही. सैन्य विजापूरच्या आदिलशाहीचे होते आणि त्यात मराठा सरदारही होते. खानाचे वकील कृष्णाजी भास्कर होते, तर महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होते. बारा मावळातल्या देशमुखांपैकी कान्होजी जेधे स्वराज्याच्या बाजूने उभे राहिले आणि खंडोजी खोपडे खानाला मिळाले. म्हणून सैन्याला सत्तेचे नाव द्यावे: आदिलशाही सैन्य, स्वराज्याचे सैन्य.

दुसरा 'आपल्या'चा. मराठीत 'आपण' म्हटले की ऐकणाराही त्यात येतो. वर्गातल्या एखाद्या मुलाला मात्र हा शब्द वाचून आपण यात मोडतो की नाही, असा प्रश्न पडतो, आणि पेपर सोडवायच्या वेळी तो पडायला नको.

तिसरा 'दगाबाज'चा. विशेषणाने निकाल आधीच दिला, मग मुलाला विचार करायला काय उरले?

चौथा दोष सहज नजरेतून सुटतो. 'वार केल्यावर' या शब्दांत पहिला वार कोणाचा, हे गृहीत धरले आहे. सभासद बखरीनुसार आधी खानाने दगा केला, तर मोगलांच्या चाकरीतला इतिहासकार खाफीखान दोष महाराजांवर ठेवतो. वादाचा मुद्दा प्रश्नाच्या पोटवाक्यात लपवू नये, तो उघड विचारावा.

सन्मानाच्या क्रियापदाचाही पेच असतो. 'महाराज आले' आणि 'खान आला' शेजारी ठेवले की तोल ढळलेला दिसतोच. महाराजांचा सन्मान काढणे हा यावर उपाय नाही, त्याने वेगळे मन दुखावते. 'अफजलखानाने स्वारी केली', 'महाराजांनी भेट ठरवली' अशी 'ने/नी'ची रचना वापरा. त्यात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे अडचण आपोआप सुटते.

दुरुस्त केलेला प्रश्न, नववी-दहावीसाठी, ५ गुणांचा:

"प्रतापगडच्या भेटीत आधी वार कोणी केला, याबद्दल दोन लेखकांत मतभेद आहेत. सभासदाने छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बखर लिहिली. त्यात दोष खानावर आहे. खाफीखानाने अठराव्या शतकात मोगलांच्या चाकरीत राहून लिहिले. त्यात दोष शिवाजी महाराजांवर आहे. (अ) दोन्ही लेखनांतला फरक सांगा. (१) (आ) लेखकाचा काळ आणि आश्रय यांचा लेखनावर कसा परिणाम होऊ शकतो? (२) (इ) निर्णय घ्यायला आणखी कोणता पुरावा शोधाल, आणि का? (२)"

लागणारी माहिती प्रश्नातच आहे, त्यामुळे घरी कोणती बाजू ऐकली यावर गुण ठरत नाहीत. चौथीच्या मुलांना हा प्रश्न देऊ नका. त्यांना भेट कुठे झाली, खान कोणत्या दरबाराचा सरदार होता, एवढेच पुरे.

उत्तरसूचीत घोळ हमखास होतो. प्रश्न तोललेला आणि आदर्श उत्तरात एकच निकाल असला, की तपासणारे शिक्षक तोच शब्द शोधतात. म्हणून (इ) पुढे स्पष्ट लिहा: "पुरावा सांगितला १, कारण दिले १. निष्कर्ष कोणताही असो, गुण कापू नयेत."

बहुपर्यायी प्रश्नात 'यांपैकी फितूर कोण?' असे विचारू नका. खोपडे आडनावाचा मुलगा वर्गात असू शकतो. कृष्णाजी भास्करांच्या नावापुढे जातीचा उल्लेखही तसाच टोचतो. 'खानाच्या बाजूने कोणते देशमुख गेले?' एवढ्याने तीच माहिती तपासता येते.

याचा अर्थ कटू गोष्टी गाळाव्यात असा नाही. खानाच्या स्वारीत तुळजापूर, पंढरपूरच्या देवस्थानांना उपद्रव झाल्याचे बखरी सांगतात. ते गाळले तर तोही पक्षपातच ठरतो. 'बखरीनुसार' असे म्हणून, कृतीचा कर्ता म्हणून व्यक्तीचे किंवा सत्तेचे नाव देऊन ते लिहा, धर्माचे नाव देऊन नाही.

छापण्याआधी प्रश्नातल्या दोन्ही बाजूंच्या नावांची अदलाबदल करून मोठ्याने वाचा. तीच वाक्यरचना आता कानाला खटकली, तर कुठला शब्द खटकतो ते पाहा आणि तो बदला. शक्य असेल तर इतिहास न शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यालाही वाचायला द्या. विषयाची सवय झालेल्या डोळ्यांना 'आपल्या' दिसतच नाही.