वाटी मोठी की कड झिजलेली?

राजारामपुरीतल्या आमच्या दवाखान्यात एका सकाळी डोळ्याच्या पडद्याचे दोन फोटो पाठोपाठ आले. पहिला होता सत्तावीस वर्षांच्या एका मुलीचा. चष्म्याचा नंबर काढायला गेली तिथे फोटो काढला होता आणि सोबतच्या कागदावर 'काचबिंदूचा संशय' असा शेरा होता. रेशो ०.७. मुलीपेक्षा तिच्या आईचाच चेहरा उतरलेला. दुसरा फोटो इचलकरंजीच्या बावन्न वर्षांच्या यंत्रमागवाल्या काकांचा. त्यांना सहा वर्षांपासून मधुमेह, म्हणून दरवर्षीचा फोटो. उजव्या डोळ्याचा रेशो ०.५, डाव्याचा ०.३. "लांबचं-जवळचं सगळं झ्याक दिसतंय, डॉक्टर. नुसती साखरेची तपासणी करा," असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं.

आकड्यांवर गेलो तर मुलीला उपचार सुरू करायला हवेत आणि काकांना घरी पाठवायला हवं. झालं उलटं. (ओळख पटू नये म्हणून दोघांचे तपशील थोडे बदलले आहेत.)

रेशो कशाचा, ते आधी बघू. पडद्यावरच्या पेशींपासून निघालेले दहा ते बारा लाख बारीक तंतू एका जागी गोळा होतात आणि तिथून डोळ्याबाहेर पडून मेंदूकडे जातात. ही बाहेर पडायची जागा फोटोत नारिंगी-गुलाबी चकतीसारखी दिसते. तिची उभी लांबी सरासरी पावणेदोन-दोन मिलिमीटर. तंतू कडेकडेने आत वळतात, त्यामुळे मधे खळगा उरतो. तो फिकट दिसतो, त्याला आम्ही कप म्हणतो. ताटातली वाटीच म्हणा ना. वाटीची उभी लांबी भागिले ताटाची उभी लांबी, हा झाला कप-डिस्क रेशो. उभीच का, तर काचबिंदूत तंतू आधी वरच्या आणि खालच्या टोकाला मरतात.

पण तंतू वाटीत नसतात. ते असतात वाटी आणि ताट यांच्यामधल्या गुलाबी कडेत. रेशो रिकाम्या जागेचं माप सांगतो आणि आपल्याला काळजी असते ती कडेची. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

कारण जन्मतः प्रत्येकाचं ताट सारखं नसतं. मोठ्या चकतीत तेवढेच तंतू ऐसपैस पसरतात आणि मधे मोठी वाटी उरते. छोट्या चकतीत ते दाटीवाटीने बसतात, वाटी जवळजवळ नसतेच. म्हणून मी आधी चकती मोजतो. स्लिट लॅम्पवर ९० डायॉप्टरचं भिंग धरायचं, उजेडाची उभी पट्टी चकतीएवढी करायची, यंत्रावरचा आकडा वाचायचा आणि त्याला साधारण १.३ ने गुणायचं. मुलीची पट्टी १.७५ भरली, म्हणजे चकती जवळपास २.३ मिलिमीटर. ताट मोठं. काकांची पट्टी १.१, म्हणजे १.४ मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या लहान चकतीत ०.३ ची वाटी शोभते, जशी त्यांच्या डाव्या डोळ्यात होती. उजव्यातली ०.५ तिथे मोठीच. दोन्ही चकत्या सारख्या आकाराच्या असताना वाट्यांमध्ये ०.२ चा फरक पडला, की मी खुर्ची पुढे ओढून बसतो.

मग कड. निरोगी डोळ्यात बहुधा खालची कड सर्वांत जाड असते, तिच्यानंतर वरची, मग नाकाकडची, आणि कानाकडची सर्वांत पातळ. हा क्रम प्रत्येक निरोगी डोळा पाळतोच असं नाही, पण नजर फिरवायला तो चांगला. मुलीची कड सगळीकडून भरलेली, गुलाबी, क्रमाने जाड-पातळ होती. काकांच्या उजव्या डोळ्यात घड्याळाच्या सातच्या काट्याशी, म्हणजे खाली कानाच्या बाजूला, कड चावा घेतल्यासारखी आत गेली होती. तिथेच चकतीच्या काठावर लालसर, ज्योतीच्या आकाराची एक बारीक रेघ: रक्तस्राव. आणि त्या खाचेपासून पडद्यावर पंख्यासारखा रुंद होत गेलेला एक काळपट पट्टा.

हा पट्टा काकांना समजवायला मला फारसं बोलावं लागलं नाही. ताण्याचे धागे तुटले की कापडात उभी रेघ पडते आणि कापड उजेडाकडे धरलं की ती दिसते, हे ते रोज बघतात. निरोगी तंतूंचा थर फोटोत चंदेरी, रेघारेघांचा चमकतो. तंतू गेले की चमक जाते. "म्हणजे सूत तुटलंय, पण कापड अजून फाटलं नाही," काका म्हणाले. मी बराच वेळ घेतला असता, त्यांनी एका वाक्यात संपवलं.

रक्तस्रावाबाबत मात्र सावध राहावं लागतं. तो काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत विरून जातो, त्यामुळे त्या दिवशी फोटो काढला म्हणून सापडला. शिवाय मधुमेहातही पडद्यावर रक्त येतं. काकांच्या बाकीच्या पडद्यावर एकही डाग नव्हता आणि हा नेमका खाचेशी होता, म्हणून मी तो काचबिंदूच्या खात्यात टाकला.

फोटो फसवतो तेही सांगायला हवं. तो सपाट असतो. खळगा आहे की उंचवटा, हे एका डोळ्याने बघितल्यासारखं ठरवावं लागतं. हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये डोळ्यात बघायचं यंत्र आणलं, त्यानंतर फॉन ग्रेफसारख्या दिग्गजानेही काचबिंदूतली चकती १८५४ मध्ये फुगलेली समजली होती. एक-दोन वर्षांत चूक दुरुस्त झाली. आजही नवशिके फिकट रंग जिथे संपतो तिथे वाटी संपली असं धरतात. खरी खूण रक्तवाहिनीची: काठावरून आत उतरताना ती जिथे वाकते, तिथे वाटीचा काठ. यामुळेच एकाच फोटोवर दोन डॉक्टर ०.५ आणि ०.६ म्हणू शकतात, आणि ०.५ चं पुढच्या वर्षी ०.६ झालं तर आजार वाढला की डॉक्टर बदलला, हे आकड्यावरून कळत नाही. रिपोर्टसोबत फोटोही मागून घ्या आणि जपून ठेवा, हे मी त्या माय-लेकींना दोनदा सांगितलं.

काकांचा डोळ्यातला दाब उजवीकडे १९, डावीकडे १८. 'एकवीसच्या आत म्हणजे नॉर्मल' या समजुतीवर बरेच काचबिंदू निसटतात. त्यांचं बुबुळ मधोमध ५०० मायक्रॉन, म्हणजे पातळ होतं, आणि पातळ बुबुळावर यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवू शकतं. ओसीटी स्कॅनमध्ये खाचेच्याच जागी तंतूंचा थर पातळ निघाला. नजरेच्या परिघाची तपासणी दोनदा केली, दोन्ही वेळा निर्दोष. यात विसंगती नाही. मृत्यूनंतर तपासलेल्या डोळ्यांवरून असं दिसलंय, की या तपासणीत दोष उमटेपर्यंत पडद्यावरच्या पाव ते तृतीयांश पेशी गेलेल्या असू शकतात. माणसाला स्वतःला कळायला त्याहून उशीर होतो. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो.

मुलीचा दाब १५, ओसीटी व्यवस्थित. तिला औषध नाही. वर्षाने नवा फोटो काढून आजच्या शेजारी ठेवायचा. काकांना रात्री एक थेंब सुरू केला. दाब पाव भागाने तरी खाली यावा असा बेत आहे, आणि सहा आठवड्यांनी तो पुन्हा मोजायचा.

उठताना मी सवयीने विचारलं, घरात कुणाला काचबिंदू? "नाही. थोरल्या भावाला एका डोळ्यानं कमी दिसतंय, पण त्यो मोतीबिंदू. पिकला की काढणार हाय." सख्ख्या भावंडांत काचबिंदूची शक्यता बरीच जास्त असते. पुढच्या सोमवारी काका भावाला घेऊन आले. मोतीबिंदू होता, पण थोडासाच. त्याच्या पलीकडे, उजव्या डोळ्यात, खालच्या बाजूला कड उरलीच नव्हती.